कंट्रोलर गेला कुठे, हे विचारायचं कसं?

प्रश्न : मी सिडको एन-६मध्ये राहतो. मुलाची दहावी झाली, म्हणून दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये एका ऑनलाइन कंपनीवरून त्याच्यासाठी प्लेस्टेशन ५ (स्लिम, डिजिटल) मागवला. बिल ४४,९९० रुपयांचं. १४ ऑक्टोबरला दुपारी पार्सल आलं. मी दुकानात होतो, आईने ओटीपी सांगून घेतलं. खोक्याचा एक कोपरा पार चेपलेला होता. संध्याकाळी उघडलं, तर आत कन्सोल, वायरी, पुस्तिका सगळं होतं, पण कंट्रोलरच नव्हता. व्हिडिओ काढलेला नाही. फोटो आहेत. पार्सलवरच्या चिठ्ठीवर वजन ७.२ किलो छापलंय आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर तेच पार्सल ४ किलो १०० ग्रॅम भरलं, म्हणजे तीन किलोंचा माल चोरीला गेलाय हे उघड आहे! मी दुसऱ्याच दिवशी खालील तक्रार पाठवली. २१ तारखेला उत्तर आलं, "आमच्या तपासानुसार पार्सल सुस्थितीत पोहोचवण्यात आले आहे. आपली विनंती मान्य करता येत नाही." माझ्या पत्रात काय चुकलं? आणि आता पुढे काय करू?

*(सोबतचं पत्र)* "महोदय, आपल्या कंपनीवर विश्वास ठेवून मी एवढी मोठी खरेदी केली आणि आपण माझा विश्वासघात केलात. बॉक्स फुटका पाठवलात, कंट्रोलर चोरलात, तीन किलो वजन गायब आहे. ही सरळ सरळ लूट आहे. दोषींवर कडक कारवाई करावी, मला झालेल्या मनस्तापाबद्दल एक लाख रुपये द्यावेत, अन्यथा मी कोर्टात खेचीन आणि सोशल मीडियावर आपली बदनामी करीन. त्वरित उत्तर द्यावे."

उत्तर : राग रास्त आहे. पण हे पत्र समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेने वाचून बघा. ऑर्डर नंबर नाही, पार्सल किती वाजता आलं ते नाही, खोक्यावर नेमकं काय दिसलं ते नाही, आणि तुम्हाला हवंय काय, तेही नाही. "कडक कारवाई" हे काही त्याच्या हातातलं बटण नाही. त्याच्याकडे बदली, परतावा आणि नकार अशी तीन बटणं असतात. पहिली दोन दाबायला त्याला कारण लागतं, तिसरं दाबायला काहीच लागत नाही. म्हणून तिसरं दाबलं गेलं.

त्याहून मोठी अडचण वजनाची आहे, आणि ती आधी निस्तरू, कारण तुमच्या तक्रारीतला सगळ्यांत कच्चा मुद्दाही तोच आहे आणि सगळ्यांत पक्का होऊ शकणारा मुद्दाही तोच.

चिठ्ठीवरचे ७.२ किलो हे काट्यावरचं वजन असेलच असं नाही. कुरिअरवाले दोन वजनं धरतात. एक खरं, काट्यावरचं. दुसरं आकारावरून काढलेलं, कारण कापसाचं भलंमोठं खोकं हलकं असलं तरी गाडीत जागा अडवतंच. त्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५,०००ने भागतात. दोन्हींतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. तुम्ही सोबत पाठवलेल्या फोटोत बाहेरच्या खोक्याशेजारी मोजपट्टी धरलेली दिसते, हे फार बरं केलंत. खोकं ४५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि २० उंच आहे. गुणाकार ३६,००० आणि त्याला ५,०००ने भागलं की बरोबर ७.२. म्हणजे चिठ्ठीवर खोक्याचा आकार छापलाय, मालाचं वजन नव्हे. तीन किलो कुणीही नेलेले नाहीत.

आता उलट बाजूने बघा. कंट्रोलरचं वजन साधारण २८० ग्रॅम असतं. हरवले आहेत ते हे पाव किलोहून थोडे जास्त. तुम्ही "तीन किलो" लिहिलंत आणि समोरच्याने दहा सेकंदांत हिशेब घालून तुम्हाला खोटं ठरवलं. खरे २८० ग्रॅम त्या तीन किलोंखाली गाडले गेले.

पण याच वजनात तुमचा हुकमी पुरावाही आहे, फक्त तो तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत आणि कुरिअरच्या छाटणी केंद्रांत पार्सल पट्ट्यावरून जाताना यंत्र त्याचा बारकोड वाचतं, माप घेतं आणि वजन करतं. ही नोंद वेळेसकट साठते. आता समजा, गोदामातून निघताना पार्सल ४ किलो ३८० ग्रॅम होतं आणि शहरातल्या शेवटच्या केंद्रावर ४ किलो १०० झालं, तर कंट्रोलर वाटेत निघाला. सगळीकडे ४ किलो १००च असेल, तर तो पॅक होतानाच आत नव्हता, म्हणजे प्रकरण विक्रेत्याच्या दारात जातं. आणि सगळीकडे ४ किलो ३८० असेल, तर शंकेची सुई त्या केंद्रानंतरच्या शेवटच्या टप्प्याकडे आणि तुमच्या घराकडेही वळते. हेही मनात धरून चला. आई घरात एकट्या होत्या की शेजारच्या मुलांनी आधीच खोकं उघडून पाहिलं होतं, हे एकदा शांतपणे विचारून घ्या. या तिन्ही शक्यता सारख्याच मोकळ्या ठेवून नोंद मागणारा माणूस खरा वाटतो. "तुम्ही चोरलंत" म्हणणारा वाटत नाही.

रद्दीवाल्याचा काटा मात्र पत्रात आणू नका. तो १०० ग्रॅमच्या पटीत दाखवत असेल तर २८० ग्रॅमचा वाद त्यावर लढता येत नाही. १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दरवर्षी पडताळणीचा शिक्का असलेला काटा गुलमंडीतल्या एखाद्या किराणा दुकानात मिळेल. पार्सल बाहेरच्या खोक्यासकट, टेपसकट, चिठ्ठीसकट जसंच्या तसं पुन्हा त्यावर ठेवा आणि आकडा व चिठ्ठीवरचा बारकोड एकाच फोटोत येतील असा फोटो काढा.

दुसरा गोंधळ खोक्याचा. तुम्ही "बॉक्स फुटका" आणि "कंट्रोलर चोरला" हे एका दमात लिहिलंत, जणू पहिल्याने दुसरं सिद्ध होतं. तसं होत नाही. चेपलेला कोपरा एवढंच सांगतो, की पार्सल कुठेतरी आपटलं. आपटून कंट्रोलर बाहेर पडत नाही. कंट्रोलर काढायला खोकं उघडावं लागतं आणि उघडल्याची खूण वेगळी असते. तुमचे सगळे फोटो मी मोठे करून पाहिले. बाहेरच्या तपकिरी खोक्यावर कंपनीच्या नावाची छापील टेप आहे. मधल्या फटीवर त्या टेपच्या वरून आणखी एक साधी पारदर्शक टेप लावलेली आहे आणि तिच्या कडेला खालच्या छापील टेपची एक पातळ रेघ सरळ कापलेली दिसते. चौथ्या फोटोत, डाव्या बाजूला. या एका रेघेचं मोल चेपलेल्या कोपऱ्याच्या दहापट आहे, आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही. अर्थात गोदामातही फाटलेलं खोकं पुन्हा टेप लावून पाठवतात, तेव्हा तिचा अर्थ लावायला जाऊ नका. ती आहे, एवढंच लिहा.

आतला छापील बॉक्स बघा. त्याचं सील तुम्ही कापलंत की ते आधीच सुटलेलं होतं? पत्रात ते कुठेच नाही, आणि प्रश्न मात्र सगळ्यांत आधी हाच विचारला जाईल. आठवत नसेल तर "आठवत नाही" लिहा. मग छापील बॉक्सवरचा अनुक्रमांक, कन्सोलच्या अंगावरचा अनुक्रमांक आणि बिलावर छापला असेल तर तोही, असे तिन्ही जुळतात का पाहा. जुळत नसतील तर हा नुसत्या कंट्रोलरचा मामला राहत नाही. कुणीतरी परत केलेला संच पुन्हा नवा म्हणून विकला गेला असण्याची शक्यता उभी राहते आणि तुमची मागणी तिथल्या तिथे बदलते.

कन्सोल चालू करू नका. मुलाने मित्राचा कंट्रोलर आणून जोडण्याचा आग्रह धरला असेल, तर त्याला थोपवा. एकदा खातं उघडून गेम उतरवला, की "वापरलेला माल" म्हणायला जागा मिळते. उलट, बंद कन्सोलचा एक मोठा फायदा आहे. हे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना कंट्रोलर वायरीने जोडून त्याचं बटण दाबावंच लागतं. त्याच्याशिवाय पहिला पडदासुद्धा ओलांडता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे कंट्रोलर नसलेला कन्सोल आहे असं म्हणण्यापेक्षा, वापरताच न येणारा कन्सोल आहे असं म्हणणं जास्त खरं आहे.

कायद्याचा आधार यालाच जोडून येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये "दोष" या शब्दाच्या व्याख्येत, कलम २(१०)मध्ये, गुणवत्तेबरोबर प्रमाणातली उणीवही धरली आहे. यादीतली एक वस्तू कमी असणं हा मालातला दोषच झाला, यंत्र बिघडलेलं असायलाच हवं असं नाही. आणि जुलै २०२०पासून लागू असलेल्या ई-कॉमर्स नियमांतला नियम ६ म्हणतो, की सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला वा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. "तपासानुसार पार्सल सुस्थितीत" या उत्तरात या दोहोंपैकी कशाचाच विचार केलेला नाही. पार्सल पोहोचलं की नाही हा तुमचा प्रश्नच नव्हता.

व्हिडिओ नाही म्हणून हात टेकू नका. खोकं उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रारच चालत नाही, असं ना त्या कायद्यात आहे ना नियमांत. कंपन्या आपल्या अटींत तसं लिहितात, आणि व्हिडिओ असता तर तुमचं काम निम्म्याने हलकं झालं असतं, हे खरंच. पण ग्राहक आयोगापुढे प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रं यांवर निकाल होतो. आईंचं प्रतिज्ञापत्र चालतं. ज्या फोटोंवर वेळेची नोंद आहे ते चालतात. एक मात्र करा. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत बारकावा जातो आणि काढल्याच्या वेळेची नोंदही गळून पडते. ती टेपवरची रेघ फिरवलेल्या फोटोत दिसलीच नसती.

ओटीपी दिला म्हणजे माल तपासून घेतला, असंही कुणी म्हटलं तर मान्य करू नका. दारात खोकं उघडून दाखवून मग ओटीपी घेण्याची सोय काही कंपन्या काही वस्तूंना देतात. तुमच्या ऑर्डरला ती नव्हती. तेव्हा तुमच्या ओटीपीने बंद खोकं मिळाल्याचं ठरतं, त्यापुढचं काही नाही.

आता पत्र. विषयाच्या ओळीतच ऑर्डर नंबर आणि मागणी येऊ द्या, कारण कित्येकदा तेवढंच वाचलं जातं. तक्रार अधिकारी परराज्यात बसलेला असण्याची शक्यता मोठी, म्हणून इंग्रजी प्रतही जोडा. पण मूळ मसुदा मराठीतच करून बघा, गाळायचं काय ते आपल्या भाषेत लवकर कळतं.

> प्रति, तक्रार निवारण अधिकारी
>
> विषय : ऑर्डर क्र. ______ : संचात कंट्रोलर नाही, पूर्ण संच बदलून मिळणे अथवा ४४,९९० रुपये परत मिळणे
>
> महोदय,
>
> १. वरील ऑर्डरचे पार्सल १४ ऑक्टोबर रोजी दुपारी ______ वाजता माझ्या सिडको एन-६, छत्रपती संभाजीनगर येथील पत्त्यावर माझ्या आईने बंद स्थितीत स्वीकारले. त्याच दिवशी सायंकाळी ______ वाजता ते उघडले. आत कन्सोल, एचडीएमआय केबल, पॉवर केबल, यूएसबी केबल व पुस्तिका मिळाली. बॉक्सवरील यादीत असलेला कंट्रोलर मिळाला नाही.
>
> २. बाहेरील खोक्याचा एक कोपरा चेपलेला आहे (फोटो १, २). याखेरीज मधल्या फटीवरील आपली छापील टेप सरळ रेषेत कापलेली असून तिच्यावर साधी पारदर्शक टेप लावलेली आहे (फोटो ४). बॉक्स व कन्सोल यांवरील अनुक्रमांक फोटो ५ व ६ मध्ये आहेत.
>
> ३. खोके, टेप, चिठ्ठी व सर्व वस्तू मी जशाच्या तशा जपून ठेवल्या आहेत. कन्सोल चालू केलेला नाही. आपला प्रतिनिधी येऊन पाहू शकतो.
>
> ४. मी १५ ऑक्टोबर रोजी तक्रार केली (तक्रार क्र. ______). ती २१ ऑक्टोबर रोजी फेटाळताना पार्सल सुस्थितीत पोहोचल्याचे कळवले आहे. माझी तक्रार पार्सल न पोहोचल्याची नसून संचातील एक वस्तू कमी असल्याची आहे. प्रमाणातील उणीव हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २(१०) नुसार दोष आहे.
>
> ५. कृपया पुढील माहिती द्यावी : (अ) गोदामातून निघताना व त्यानंतर प्रत्येक केंद्रावर यंत्राने घेतलेले पार्सलचे प्रत्यक्ष वजन, वेळेसह, आकारावरून काढलेले वजन नको. (आ) २१ ऑक्टोबरच्या उत्तरात उल्लेखलेल्या तपासाचा तपशील. (इ) विक्रेत्याचा संपूर्ण पत्ता व ईमेल, ई-कॉमर्स नियम, २०२० मधील नियम ५(३) नुसार.
>
> ६. माझी मागणी : पूर्ण संच बदलून द्यावा, तो उपलब्ध नसल्यास ४४,९९० रुपये परत करून संच आपल्या खर्चाने घेऊन जावा. त्याच मॉडेलचा नवा, सीलबंद, मूळ कंपनीचा कंट्रोलर पाठवल्यासही मी तक्रार मागे घेईन.
>
> ७. नियम ४ नुसार ४८ तासांत पोच व एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे.
>
> आपला,
> (नाव, पत्ता, फोन)

पाचव्या परिच्छेदावर थोडं थांबा, कारण पत्राचा कणा तोच आहे. कंपनीने वजनं दिली तर प्रश्न सुटतो, ते आकडे कुणाच्याही बाजूने जावोत. दिली नाहीत, तर "आमच्याकडे तपास आहे, पण दाखवणार नाही" अशी तिची भूमिका कागदावर येते, आणि पुढे आयोगापुढे तुम्हाला म्हणता येतं, की पुरावा यांच्या ताब्यात होता, मी लेखी मागितला, यांनी दिला नाही.

सहाव्या परिच्छेदात एक लाखाची मागणी मी काढून टाकली आहे. मनस्तापाची भरपाई मागायची ती आयोगाकडे. कंपनीच्या अधिकाऱ्याला ती देण्याचा अधिकार बहुधा नसतोच, आणि पत्रात ती दिसली की फाइल त्याच्या टेबलावरून कायदा विभागाकडे जाते आणि मग महिने जातात. सुट्या कंट्रोलरचा पर्याय मात्र मुद्दाम ठेवला आहे. ४५ हजारांऐवजी पाच-सहा हजारांत सुटणारी तक्रार सोडवायला अधिकाऱ्याला वरची परवानगी लागण्याची शक्यता कमी. पण अनुक्रमांक जुळत नसतील, तर तो पर्याय खोडून टाका. भलत्याच कन्सोलला नवा कंट्रोलर जोडून घेऊन काय करायचं?

हे पत्र मदतकेंद्राच्या चॅटवर टाकू नका. ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तो बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. त्या अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तेच पत्र बिलावर छापलेल्या विक्रेत्यालाही स्पीड पोस्टने पाठवा. ऑनलाइन विक्रीचा मंच आणि विक्रेता दोघेही पत्त्यात असू द्या, कारण पुढे मंच म्हणेल "आम्ही फक्त बाजार भरवतो" आणि विक्रेता म्हणेल "आम्ही माल दिला, कुरिअर त्यांचा". दोघांना एकाच कागदावर आणलंत, की त्यांचं एकमेकांकडे बोट दाखवणं त्यांनाच निस्तरावं लागतं.

कन्सोल बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन वेळ घालवू नका. वॉरंटी बिघाडाची असते. न आलेल्या वस्तूला वॉरंटी नसते.

महिना उलटला आणि काही झालं नाही, तर आधी १९१५वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा किंवा `consumerhelpline.gov.in`वर नोंद करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ही हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, फक्त तक्रार कंपनीच्या ठरलेल्या माणसाकडे पोहोचवते. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत आणि चॅटवर नाकारलेली गोष्ट तिथून आल्यावर मान्य होते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

त्यानेही भागलं नाही, तर आपल्याच शहरातला जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीच्या अटींत "वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयांत" असं लिहिलेलं असेल. घाबरू नका. कलम ३४नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, तुम्हाला बेंगळुरू-दिल्लीच्या वाऱ्या करायच्या नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि `e-jagriti.gov.in`वरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५ मिळतात. त्या पलीकडे एक दिवसही वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केलं. निकाल तीन महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तेवढ्यात निकाल लागला, तर पेढे वाटा. म्हणूनच आयोग शेवटी ठेवा आणि पत्र असं लिहा, की तिथवर जायची वेळच येऊ नये.

---

प्रश्न : पोलिसांत गेलो तर? आपल्याकडे मागे मोबाइलच्या जागी वीट निघाली होती, तेव्हा गुन्हा दाखल झाला होता असं शेजारी म्हणतात.

उत्तर : शेजारी बरोबर सांगतात. ऑक्टोबर २०१८ची गोष्ट. हडकोतल्या एका ग्राहकाने सुमारे नऊ हजार रुपये आधी भरून मोबाइल मागवला आणि पार्सलमधून वीट निघाली. पोहोचवणाऱ्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, माझं काम पार्सल देण्याचं, आत काय आहे त्याला मी जबाबदार नाही. हर्सूल पोलिसांनी फसवणुकीचा, तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेतल्या कलम ४२०चा गुन्हा नोंदवला. आता तेच कलम भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे.

पण वीट आणि तुमचा कंट्रोलर यांत फरक आहे. मोबाइलच्या जागी वीट चुकून जात नाही. कुणीतरी जाणूनबुजून ती ठेवतं, म्हणून तिथे फसवणुकीचा हेतू वस्तूच सांगते. कंट्रोलर मात्र पॅकिंगमध्ये राहून गेला असू शकतो, वाटेत कुणी काढला असू शकतो. हेतू कुणाचा, हे तुम्हाला सांगता येत नाही, आणि तेवढ्यावर गुन्हा नोंदवायला पोलीस कां-कूं करतील, त्यात त्यांचं फार चुकलं असंही म्हणवत नाही. आणि गुन्हा नोंदला, तरी त्यातून तुम्हाला कंट्रोलर मिळत नाही. कुणाला तरी शिक्षा होऊ शकते, तीही सापडला तर. अनुक्रमांक जुळत नसतील किंवा कंपनीने दिलेल्या वजनांतून एका ठरावीक केंद्रावर घट दिसली, तर मात्र जरूर जा. तेव्हा तुमच्या हातात पोलिसांना द्यायला जागा आणि वेळ दोन्ही असेल. पोहोचवायला आलेल्या मुलावर थेट आरोप करू नका. पार्सल त्याच्या पिशवीत शेवटच्या काही तासांसाठी असतं, आणि प्रत्येक ग्राहकाचा पहिला संशय त्याच्यावरच जातो.

---

प्रश्न : खरेदी कार्डावर, नऊ महिन्यांच्या हप्त्यांनी केली आहे. निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवले तर कंपनीवर दबाव येईल ना?

उत्तर : कंपनीवर काहीच दबाव येणार नाही, तिला तिचे पैसे बँकेकडून केव्हाच मिळाले. हप्ते तुम्ही बँकेला देताय. ते थांबवले तर दंड आणि व्याज तुम्हाला, आणि पतगुणांवर डागही तुम्हालाच. हप्ते चालू ठेवा आणि बँकेकडे वेगळी तक्रार नोंदवा, की या व्यवहारात माल अपुरा मिळाला, व्यवहाराला हरकत आहे. कार्डाच्या व्यवहारात बँक ती हरकत विक्रेत्याच्या बँकेपर्यंत नेऊ शकते. याला मुदत असते आणि ती कार्डागणिक वेगळी, म्हणून महिनाभर कंपनीची वाट बघत बसू नका, याच आठवड्यात अर्ज करा. सोबत वरच्या पत्राची प्रत आणि २१ ऑक्टोबरचं नकाराचं उत्तर जोडा. हरकत मान्य होऊन पैसे परत आले तर हप्त्यांचं कर्जही बंद करून घ्या, ते आपोआप बंद होईल असं धरून चालू नका. आणि पैसे दोन्हीकडून, कंपनीकडूनही आणि बँकेकडूनही आले, तर एक रक्कम लगेच परत करा. नाहीतर पुढचं तक्रारीचं पत्र त्यांचं असेल, तुमच्या नावाने.